पाच वर्षांचा आकडा: तो कसा ठरला आणि कुणाबद्दल बोलतो

कॅन्सरचे शंभरातले किती रुग्ण पाच वर्षांनी जिवंत असतात, हा तो ‘पाच वर्षांचा आकडा’. लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलने 1792 मध्ये कॅन्सरच्या रुग्णांसाठी वेगळा वॉर्ड सुरू केला. ज्यांच्यावर काही करण्यासारखं उरलं नव्हतं अशा बायकाही तिथे शेवटपर्यंत राहत, आणि त्यांच्या नोंदी नीट ठेवल्या जात. पुढे 1962 मध्ये एच. जे. जी. ब्लूम आणि सहकाऱ्यांनी 1805 ते 1933 या काळातल्या, स्तनाच्या कॅन्सरवर कसलेही उपचार न झालेल्या 250 बायकांची माहिती त्यातून काढली. पहिलं लक्षण जाणवल्यापासून पाच वर्षांनी त्यांतल्या 18 टक्के जिवंत होत्या. दहा वर्षांनी साधारण 4 टक्के.

उपचार शून्य, तरी शंभरात अठरा जणी पाच वर्षं काढतात. म्हणजे ‘पाच वर्षं जगली’ आणि ‘बरी झाली’ या दोन गोष्टी तेव्हाही एक नव्हत्या. तरीही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सर्जन मंडळींनी पाच वर्षांचाच टप्पा धरला, कारण तो सोयीचा होता. ऑपरेशननंतर आजार उलटायचाच असेल तर बहुतेकांचा तेवढ्या अवधीत उलटतो असा अनुभव होता, आणि त्याहून जास्त काळ रुग्णाचा माग ठेवणं कठीण होतं. अंडाशयाच्या किंवा स्वादुपिंडाच्या कॅन्सरला वेगळी आणि स्तनाच्या कॅन्सरला वेगळी पट्टी लावायला हवी होती, पण सगळ्यांना एकच लावली गेली. हार्मोन-पॉझिटिव्ह, म्हणजे शरीरातल्या हार्मोनच्या जोरावर वाढणारा, स्तनाचा कॅन्सर दहा-पंधरा वर्षांनीही उलटू शकतो; पाच वर्षांच्या आकड्यात ते दिसतच नाही.

घड्याळ कधी सुरू करायचं, हाही प्रश्न आहेच. मिडलसेक्सच्या नोंदीत ते पहिल्या लक्षणापासून सुरू होतं. आज ते निदानाच्या तारखेपासून चालू होतं. मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेत, गाठ हाताला लागण्याआधी वर्षभर सापडली, तर त्या बाईचा मृत्यू ठरलेल्या दिवशीच झाला तरी कागदावर ती एक वर्ष जास्त जगते. दोन देशांचे किंवा दोन दशकांचे आकडे शेजारी ठेवून ‘इतकी प्रगती झाली’ म्हणण्याआधी हे तपासावं लागतं.

मोजण्याची खरी अडचण मात्र वेगळी होती. सगळे रुग्ण पाच वर्षं नजरेसमोर राहत नाहीत. समजा दहा जण आहेत. पहिल्या वर्षी दोघं गेले. दुसऱ्या वर्षी तिघांचा पत्ता लागेना. उरलेल्या पाचांपैकी एक तिसऱ्या वर्षी गेला, एक पाचव्या वर्षी, आणि तिघे पाच वर्षांनंतर हयात आहेत. बेपत्ता तिघांना मेलेले धरलं तर आकडा 30 टक्के. जिवंत धरलं तर 60. दोन्ही अंदाजच.

यावरची आज सगळीकडे चालणारी रीत 1958 मध्ये प्रसिद्ध झाली. पॉल मायर वैद्यकीय संशोधनात होते, तर एडवर्ड कॅप्लन बेल लॅबमध्ये समुद्राखालच्या टेलिफोन केबलमधल्या व्हॅक्यूम ट्यूब किती काळ टिकतात ते पाहत होते. दोघांनी स्वतंत्रपणे जवळजवळ एकच उत्तर काढलं होतं. शेवटी एकत्र निबंध लिहिला. त्यांची युक्ती अशी: प्रत्येक मृत्यूच्या वेळी, त्या क्षणी जे नजरेसमोर आहेत त्यांच्यातच हिशेब करायचा आणि टप्प्यांचा गुणाकार करायचा. आपल्या उदाहरणात पहिला टप्पा दहापैकी आठ, म्हणजे 80 टक्के. दुसरा पाचपैकी चार, पुन्हा 80, गुणाकार 64. तिसरा चारपैकी तीन. उत्तर 48 टक्के. बेपत्ता लोक जोवर दिसत होते तोवर मोजले गेले, नंतर मुकाट्याने बाजूला झाले.

यात एक गृहीतक दडलेलं आहे: जे दिसेनासे झाले त्यांचं पुढे उरलेल्यांसारखंच झालं असावं. आपल्याकडे हे गृहीतक चटकन मोडतं. इंडियन कॅन्सर सोसायटीने 1963 मध्ये मुंबईत देशातली पहिली लोकसंख्येवर आधारित कॅन्सर नोंदणी सुरू केली. मुंबईत उपचार घेणारा माणूस तब्येत ढासळली की गावी जातो, आणि तिथला मृत्यू महापालिकेच्या नोंदीत येत नाही. त्याला ‘बेपत्ता’ म्हणून सोडून दिलं तर आकडा फुगतो. म्हणून नोंदणीवाल्यांना मृत्यूच्या दाखल्यांशी नावं जुळवून थांबता येत नाही, पत्रं पाठवावी लागतात, घरी जाऊन विचारावं लागतं. बार्शीत 1987 पासून चालणाऱ्या ग्रामीण नोंदणीतले कार्यकर्तेही गावोगाव हिंडतात. अशा अभ्यासात किती टक्के रुग्णांचा शेवटपर्यंत छडा लागला, ही ओळ मी सगळ्यात आधी वाचतो. ती नसेल तर आकड्याला फार किंमत देऊ नये.

इतकं करून नीट काढलेला 48 टक्केही कुणा एकाचा नसतो. कुणीच 48 टक्के जगत नाही. त्या दहांत कुणाचं वय चाळीस, कुणाचं पंचाहत्तर आणि वर मधुमेह. कुणाची गाठ लहान, कुणाची यकृतापर्यंत पोचलेली. स्टेजनुसार गट पाडले तर आकडे जवळ येतात, पण प्रत्येक गटाच्या आत तीच पसरण पुन्हा दिसते. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना 1982 मध्ये पोटातल्या मेसोथेलिओमा या दुर्मीळ कॅन्सरचं निदान झालं. ग्रंथालयात त्यांना सापडलं की मध्यक आयुर्मान आठ महिने. आकडेवारी हाताळायची सवय असल्याने त्यांनी लगेच दुसरा प्रश्न विचारला: निम्मे आठ महिन्यांत जातात, पण उरलेले निम्मे कुठवर पसरलेत? डावीकडे शून्याची भिंत आहे. उजवीकडे शेपूट लांब जाऊ शकते. ते वीस वर्षं जगले आणि 2002 मध्ये दुसऱ्याच कॅन्सरने गेले. यावरून ‘मनाची जिद्द असली की झालं’ असं सांगणारे भेटतात. ते काही खरं नाही. त्या शेपटीत कोण असेल हे गूल्डनाही आधी माहीत नव्हतं.

शिवाय हा आकडा नेहमी शिळा असतो. आज पाच वर्षांचा निकाल हवा तर निदान किमान पाच वर्षांपूर्वीचं लागतं, म्हणजे उपचारही तेव्हाचे. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरात हे फार ठळक दिसलं. 2001 मध्ये अमेरिकेत इमॅटिनिब या गोळीला मान्यता मिळाली. त्या वर्षी निदान झालेल्या माणसाला जो आकडा वाचायला मिळाला तो ही गोळी कधी न मिळालेल्या रुग्णांचा होता. गोळीवर ठेवलेल्या पहिल्या मोठ्या चाचणीतल्या रुग्णांचा पाच वर्षांचा निकाल 2006 मध्ये आला: 89 टक्के. चाचणीत निवडून घेतलेले, तुलनेने धडधाकट लोक असतात हे धरलं तरी जुन्या आकड्याशी त्याचा मेळच बसत नव्हता.

आणि रुग्ण पुढे सरकला की आकडाही सरकतो. वरच्या दहा जणांतला जो दुसरं वर्ष पार करून आला, त्याला निदानाच्या दिवशीचा 48 टक्के सांगणं चूक आहे. 48 भागिले 80, म्हणजे पाचवं वर्ष गाठण्याची त्याच्या गटाची शक्यता आता 60 टक्के आहे, आणि तिसरं वर्ष संपवलेल्यांची 75. तपासणीला आलेल्या जुन्या रुग्णाच्या हातात मात्र बहुतेक वेळा पहिल्या दिवशीचाच कागद असतो.