लेहमधला पहिला आठवडा: पळताना घड्याळ नको, श्वास बघा

लडाख मॅरेथॉनसाठी पुण्या-मुंबईहून विमानाने लेहला उतरलेला धावपटू काही तासांतच साधारण ३५०० मीटर उंचीवर पोचतो. तिथेही हवेत ऑक्सिजन २१ टक्केच असतो, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश. त्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनचे रेणूच कमी येतात.

शरीर लगेच श्वास आणि ठोके वाढवतं. शिवाय पहिल्या एक-दोन दिवसांत लघवीला जास्त होते, कोरड्या हवेत श्वासावाटेही पाणी जातं आणि रक्तातला पातळ भाग, म्हणजे रक्तद्रव, घटतो. या दिवसांत हिमोग्लोबिन तपासलं तर आकडा वाढलेला दिसेल. त्यावर खूश होऊ नये, कारण तांबड्या पेशी तेवढ्याच असतात, फक्त रक्त दाट झालेलं असतं. नव्या पेशी पुरेशा तयार व्हायला तीन-चार आठवडे लागतात. म्हणजे पहिल्या आठवड्यात शरीर ‘तयार’ होत नाही, फक्त सावरतं. सराव करून हा वेग वाढवता येत नाही.

समजा, पुण्यात तुम्ही सात मिनिटांना एक किलोमीटर या वेगाने गप्पा मारत पळता. लेहमध्ये पहिले दोन दिवस पळूच नका. बाजारापर्यंत सावकाश चालणं पुरे. तिसऱ्या दिवशी अर्धा तास सपाटीवर चाला. डोकं दुखत नसेल आणि झोप बरी लागली असेल, तर चौथ्या दिवशी वीस मिनिटं: दोन मिनिटं हलकं पळणं, एक मिनिट चालणं. वेग सव्वाआठ-साडेआठ मिनिटांवर येईल, तो येऊ द्या. पूर्ण वाक्य एका दमात बोलता येत नसेल, तर तोही वेग जास्तच आहे. पाचव्या दिवशी तीस मिनिटं, सहाव्या दिवशी विश्रांती, सातव्या दिवशी चाळीस मिनिटं आणि शेवटी १५ सेकंदांच्या तीन-चार जलद धावा. मध्ये श्वास पूर्ण जागेवर येईपर्यंत थांबा.

मनगटावरच्या घड्याळातले हृदयगतीचे टप्पे इथे फसवतात. आरामातले ठोके वाढलेले असतात आणि कमाल ठोके मात्र उतरलेले, त्यामुळे घरचे आकडे जुळत नाहीत.

अंतर वाढलं की फटकाही वाढतो. मेक्सिको सिटी लेहपेक्षा बरीच खाली, सुमारे २२४० मीटरवर. तिथल्या १९६८ च्या ऑलिंपिकमध्ये बॉब बीमनने ८.९० मीटर लांब उडी मारून विश्वविक्रम केला; विरळ हवा कमी अडवते, त्याचीही थोडी मदत झाली. पण १०,००० मीटरची शर्यत जिंकणाऱ्या नफताली टेमूला २९ मिनिटं २७ सेकंद लागले. तेव्हाचा विश्वविक्रम पावणेअठ्ठावीस मिनिटांच्या आत होता.

डोकेदुखी आणि मळमळ बहुधा पोचल्यावर सहा-बारा तासांनी सुरू होते. ती असेल तोवर पळणं बंद. बसल्या जागी धाप लागणं, खोकला येणं किंवा सरळ रेषेत चालताना तोल जाणं दिसलं, तर ‘उद्या बघू’ म्हणू नका. लगेच डॉक्टर गाठा. ऑक्सिजन द्यावा लागतो आणि खाली उतरावं लागतं.