दोन पोलरॉइड, एक फोटोडायोड आणि वादातला इंटरसेप्ट

एकामागोमाग ठेवलेल्या दोन ध्रुवकांतून पार होणारा उजेड त्यांच्यातल्या θ कोनाच्या cos² च्या प्रमाणात असतो, हा कोसाइन वर्गाचा नियम 1809 च्या सुमाराचा. तेव्हा ध्रुवक म्हणून स्फटिक वापरत आणि दोन उजेड सारखे दिसतात की नाही, एवढंच डोळ्याने ठरवत. 1930 च्या दशकात पोलरॉइडचे पातळ पत्रे निघाले आणि प्रयोग कॉलेजच्या टेबलावर आला. डोळ्याची जागा आधी सेलेनियम सेलने, मग एलडीआरने घेतली. एलडीआरचा रोध उजेडाच्या सरळ प्रमाणात बदलत नाही, त्यामुळे आलेखातला बाक नियमाचा की उपकरणाचा, हे कळत नसे. फोटोडायोडने तो प्रश्न सोडवला, पण त्याचा करंट मोजला तरच. उघड्या टोकांवरचं व्होल्टेज लॉगसारखं वाढतं. तेच वाचून "नियम जुळत नाही" असं लिहिलेली जर्नलं अजून सापडतात.

करंट आणि cos²θ यांचा आलेख कागदावर होता तोवर रेषा हाताने, बिंदूंच्या मधून जायची. स्प्रेडशीट आल्यावर ट्रेंडलाइनच्या खिडकीत `Set Intercept` हा चौकोन मिळाला आणि वाद सुरू झाला. एक बाजू म्हणते, नियमात कोन 90 अंश असताना शून्य येतं, म्हणून रेषा शून्यातूनच जायला हवी. दुसरी बाजू इंटरसेप्ट मोकळा सोडते.

समजा, लेझरचा उजेड दोन पोलरॉइडमधून फोटोडायोडवर पाडला आणि 0 अंशाला 84 मायक्रोअँपिअर आणि 90 अंशाला 4 वाचलं. लेझर झाकल्यावरही 3 उरतात, म्हणजे तो खोलीतला उजेड आणि डायोडचा डार्क करंट. उरलेला 1 काटकोनातल्या पोलरॉइडमधून निसटलेला. करंट आणि cos²θ यांची रेषा मोकळी सोडली तर स्लोप 80 आणि इंटरसेप्ट 4 येतो. दर 10 अंशाला एक अशा दहा नोंदींवर तीच रेषा शून्यातून ओढली, की स्लोप फुगून 85 होतो. 3 वजा करूनही 1 उरतोच. म्हणून इंटरसेप्ट मोकळा ठेवणंच बरोबर. त्यात माहिती आहे, ती पुसायची कशाला?

या भांडणात कोनाच्या शून्याची चूक मात्र दुर्लक्षित राहिली. चकती 3 अंशांनी सरकलेली असेल, तर याच मांडणीत 45 अंशाला सुमारे 40 आणि 135 ला सुमारे 48 दिसतात. नियमाप्रमाणे दोन्हीकडे 44 हवेत. 0 ते 180 च्या नोंदी रेषेऐवजी लांबट वळसा काढतात, तरी R² 0.99 च्या आसपासच येतो. फक्त 0 ते 90 घेणाऱ्याला किंचित बाक दिसतो, आणि तो डायोडच्या माथी मारला जातो. त्यात पुष्कळ लेझर मुळातच ध्रुवित असतात. तिथे पहिला पोलरॉइड फिरवला तर उजेड दोनदा बदलतो. फिरवायचा तो डायोडजवळचा.