जाहिरातीत नामवंतांचा चेहरा का नको, आणि त्याऐवजी काय करता येईल
(आमच्याकडून बॅनर, पाकिटं आणि मोबाईलवरच्या जाहिराती करून घेणाऱ्या व्यापारी ग्राहकांसाठी)

आजकाल बरेच ग्राहक एआयवर स्वतःच चित्र तयार करून आणतात आणि आम्हाला फक्त मजकूर बसवून छापून द्यायला सांगतात. त्याला आमची काहीच हरकत नाही. मात्र त्या चित्रात एखादा नट, नटी, खेळाडू किंवा गायक तुमच्या मालाची शिफारस करताना दिसत असेल आणि त्या व्यक्तीची लेखी परवानगी नसेल, तर ते काम आम्ही घेत नाही. ते का, हे इथे सविस्तर सांगत आहोत.

दिवाळी फराळाचं उदाहरण घेऊ. समजा, तुम्ही प्रॉम्प्ट असा दिला:

```
बॅनर बनव: (प्रसिद्ध अभिनेत्रीचं नाव) नऊवारी साडीत,
हातात आमच्या चकलीचं पाकीट.
खाली ओळ: "माझ्या घरी हीच चकली!"
```

त्या अभिनेत्रीने तुमची चकली कधी चाखलेली नाही. बॅनर मात्र ती खाते आणि लोकांनीही घ्यावी असं सांगते, असं दाखवतो. इथे दोघांचं नुकसान होतं. तिचा चेहरा न विचारता वापरला जातो, आणि तिच्यावर विश्वास ठेवून पाकीट घेणाऱ्या गिऱ्हाइकाची फसवणूक होते. आमच्या मते दुसरं नुकसान मोठं आहे, कारण ते गिऱ्हाईक तुमच्याच गल्लीतलं असतं.

कायदा काय म्हणतो?

भारतात यासाठी वेगळा एकच असा कायदा नाही, पण न्यायालयांची भूमिका स्पष्ट आहे. 2012 साली दिल्ली उच्च न्यायालयापुढे आलेलं प्रकरण आपल्यासारख्या छोट्या व्यापाऱ्यांनी आवर्जून लक्षात ठेवावं असं आहे. अमिताभ आणि जया बच्चन यांनी तनिष्कच्या दागिन्यांची जाहिरात रीतसर करार करून केली होती. उत्तर प्रदेशातल्या एका सराफाने त्या दोघांचं तसंच होर्डिंग स्वतःच्या दुकानासाठी लावलं. निकाल सराफाच्या विरोधात गेला. आपली ओळख व्यापारासाठी कुठे, कधी आणि कशी वापरायची हे ठरवण्याचा अधिकार त्या नामवंत व्यक्तीचाच आहे, असं न्यायालयाने सांगितलं. ती व्यक्ती ओळखू आली की पुरे. लोक खरोखर फसले का, हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही.

त्यानंतर एआय आलं आणि संरक्षणाची व्याप्ती वाढत गेली. सप्टेंबर 2023 मध्ये अनिल कपूर यांच्या बाजूने आदेश निघाला. त्यात नाव, चेहरा आणि आवाजाबरोबर त्यांचं खास ‘झकास’सुद्धा होतं. 2024 मध्ये जॅकी श्रॉफ ‘भिडू’साठी न्यायालयात गेले. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने एआयने आवाजाची नक्कल करण्याविरुद्ध अरिजीत सिंग यांना संरक्षण दिलं. तेव्हा ‘चेहरा नको, नुसता त्यांच्या आवाजात रील करून द्या’ ही सुटकेची वाट नाही.

शिवाय ग्राहक संरक्षण कायदा 2019 आहेच. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण 10 लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा तेच घडलं तर 50 लाखांपर्यंत. सीझनमधल्या चार बॅनरसाठी कुणी ही जोखीम घेऊ नये.

एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. प्रॉम्प्ट हा लेखी असतो आणि सहसा तुमच्या खात्यात साठून राहतो. ‘चेहरा योगायोगाने जुळला’ असं सांगायला जावं, तर तुमच्याच शब्दांत नाव लिहिलेलं सापडतं. त्या व्यक्तीचा फोटो नमुना म्हणून जोडला असेल, तर बोलायलाच नको.

नाव काढलं तर चालेल?

हा प्रश्न आम्हाला सर्रास विचारला जातो. नाव गाळून ‘तिच्यासारखी दिसणारी’ लिहिलं, किंवा नाव न घेता तिच्या गाजलेल्या भूमिकेचा पेहराव, केशरचना आणि संवाद वर्णन केला, तरी बघणाऱ्याला तीच दिसते. आणि प्रश्न बघणाऱ्याने काय ओळखलं हाच आहे. अमेरिकेत सॅमसंगच्या एका जाहिरातीत चेहरा नव्हताच. सोनेरी विग आणि झगा घातलेला यंत्रमानव एका लोकप्रिय टीव्ही खेळातल्या फलकाशेजारी उभा केला होता. त्या खेळात अक्षरं उलटणाऱ्या व्हॅना व्हाइट यांनी दावा लावला, आणि 1992 मध्ये अपील न्यायालयाने तो ग्राह्य धरला. तो कायदा तिथला, पण धोका कुठे असतो ते त्यातून नेमकं कळतं.

तयार चित्र तपासायची आमची पद्धत साधी आहे. प्रॉम्प्ट माहीत नसलेल्या चार-पाच जणांना ते दाखवून ‘हे कोण?’ एवढंच विचारायचं. दोघांनी एकच नाव घेतलं तर चित्र बाद. गुगल लेन्सवरही टाकून बघतो. काही वेळा नाव न लिहिताही एआय ओळखीचा चेहरा काढतं, म्हणून माणूस असलेलं प्रत्येक चित्र या तपासणीतून जातं.

महाराष्ट्रात आणखी एक काळजी घ्यावी लागते. छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव किंवा चित्र मालाच्या जाहिरातीसाठी वापरायला 1950 च्या बोधचिन्हे व नावे यांच्या अनुचित वापराविरुद्धच्या कायद्याने मनाई आहे. महात्मा गांधी आणि देशाचे पंतप्रधान यांनाही तेच लागू आहे.

मग बॅनरवर दाखवायचं काय?

चकलीच दाखवा. पण ती एआयकडून काढून घेऊ नका. चकलीचे काटे आणि वेढे त्याला नीट जमत नाहीत, आणि पाकिटात एक, बॅनरवर दुसरंच, हीदेखील दिशाभूलच. स्वतःच्या चकल्या ताटात मांडून खिडकीच्या उजेडात मोबाईलने फोटो काढा, तो अपलोड करा आणि प्रॉम्प्ट असा द्या:

```
फोटोतल्या चकल्या आणि ताट जसंच्या तसं ठेव.
फक्त पार्श्वभूमी बदल: शेणाने सारवलेलं अंगण,
कडेला रांगोळी आणि दोन पणत्या, सकाळचा उजेड.
वरची एक तृतीयांश जागा मोकळी ठेव.
माणूस नको, अक्षरं नकोत.
```

आलेलं चित्र मूळ फोटोशेजारी ठेवून चकल्या बदलल्या नाहीत ना, ते पाहा. अक्षरं नकोत म्हणायचं कारण, एआय देवनागरीत जोडाक्षरांचा आणि वेलांट्यांचा बऱ्याचदा गोंधळ करतं. मजकूर आम्ही वेगळा बसवू.

माणूस हवाच असेल, तर एआयने काढलेली अनोळखी व्यक्ती फराळ वाढताना दाखवायला हरकत नाही. तिच्या तोंडी ‘मी दहा वर्षं हीच चकली घेते’ असं वाक्य मात्र घालू नका. जी बाई अस्तित्वातच नाही, तिचा अनुभव खोटाच असणार.

आम्हाला सगळ्यात पटणारा पर्याय म्हणजे तुमचं खरं गिऱ्हाईक. जी मावशी दर दिवाळीला तुमच्याकडून चकली नेते, तिचा फोटो आणि तिचंच वाक्य घ्या. त्याआधी एका कागदावर तिची सही हवी. कोणता फोटो, कोणत्या मालासाठी, बॅनरवर की व्हॉट्सअपवर, आणि किती महिने, हे त्यात लिहा. तिला पैसे किंवा फुकट माल दिला असेल, तर जाहिरातीत तसं नमूद करा. तोंडी ‘हो’वर थांबू नका. सासर-माहेरच्यांनी फोटो बघितल्यावर बेत बदलू शकतो, आणि तेव्हा तिचं ऐकून फोटो काढून टाकायची तयारीही ठेवा.

गावातला कीर्तनकार किंवा एखादा स्थानिक कलावंत खरोखर तयार असेल, तर करार याच मुद्द्यांवर करायचा. मानधन आणि मुदत त्यात स्पष्ट हवी. मुदत संपली की फ्लेक्स उतरवायचा आणि जुन्या पोस्टही काढायच्या.

परवानगी नसलेली अशी जाहिरात आधीच लावली असेल, तर फ्लेक्स, पाकिटावरची स्टिकरं, स्टेटस आणि दुकानाच्या पेजवरची पोस्ट, सगळीकडून आजच उतरवा. नोटीस आली असेल तर उत्तर देण्याआधी वकिलाला दाखवा, आणि खात्यातले प्रॉम्प्ट घाईने पुसू नका. नवीन कामासाठी येताना चित्रासोबत वापरलेला प्रॉम्प्ट आणि मूळ फोटोही आणा. ते बघूनच आम्ही छपाईला घेतो.