एकट्या ३१ मार्चच्या स्टॉकवर मालाची क्रमवारी का लावून देत नाही?

लातूर आणि आसपासच्या तालुक्यांतल्या आमच्या किराणा, जनरल स्टोअर्स आणि कृषी सेवा केंद्र ग्राहकांसाठी

दरवर्षी एप्रिल उजाडला की आमचा फोन एकाच गोष्टीसाठी वाजतो. "साहेब, ३१ मार्चचा स्टॉक पाठवलाय, कोणत्या मालात पैसा ठेवायचा आणि कोणता कमी करायचा, यादी करून द्या." आम्ही मागच्या महिन्यांचे आकडे मागितले की पुढचं वाक्यही ठरलेलं असतं. "एक आकडा घ्या की, बारा महिने कशाला उकरता?" प्रत्येकाला फोनवर समजावण्यापेक्षा एकदा नीट लिहून द्यावं, म्हणून हे पत्रक.

ही यादी आम्ही ज्या हिशोबावर लावतो त्याला जीएमआरओआय म्हणतात. हिशोब साधा आहे. एखाद्या मालातून वर्षभरात मिळालेला ढोबळ नफा घ्यायचा आणि त्या मालात वर्षभर सरासरी जेवढा पैसा अडकून होता त्याने भागायचा. अडकलेला पैसा खरेदी दराने धरायचा, एमआरपीने नाही. उत्तर ०.४० आलं तर त्या मालात अडकलेल्या प्रत्येक रुपयाने वर्षाला ४० पैसे ढोबळ नफा दिला. भाडं, पगार, वीज, व्याज हे सगळं त्यातूनच भागवायचं असतं.

मार्जिनची टक्केवारी आपल्याला सगळ्यांना तोंडपाठ असते. गोडेतेलात ४ टक्के, कटलरीत ३० टक्के, म्हणजे कटलरी चांगली, असं आपण धरून चालतो. पण तेलाचा पैसा आठवड्यात सुटून पुन्हा कामाला लागतो आणि कटलरीचा वर्षभर फळीवर बसून राहतो. खाली औसा तालुक्यातल्या आमच्या एका ग्राहकाच्या दुकानाचे आकडे देतो. समजायला सोपे जावेत म्हणून जवळच्या पूर्ण आकड्यांत आणलेत, दुकानाचं नाव देत नाही.

तेलाची वर्षाची विक्री १२ लाख, त्यात ढोबळ नफा ४८ हजार. दर आठवड्याला गाडी येते, त्यामुळे दुकानात सरासरी २४ हजारांचंच तेल असतं. ४८ भागिले २४, म्हणजे २.००. कटलरीची, म्हणजे पावडर, क्रीम, टिकल्या, केसांचं तेल, पिना यांची विक्री २ लाख आणि नफा ६० हजार. त्यासाठी दीड लाखाचा माल वर्षभर मांडून ठेवलेला, म्हणजे ०.४०. तूरडाळीची विक्री ६ लाख, मार्जिन १० टक्के, म्हणजे नफा तिचाही ६० हजारच.

आता खरी गडबड. या दुकानदाराने ३१ मार्चचा स्टॉक धरून स्वतःच हिशोब केला होता. त्या दिवशी डाळ होती २ लाख ४० हजारांची. ६० भागिले २४०, म्हणजे ०.२५. डाळ यादीत तळाला गेली, कटलरी तिच्या वर आली. "डाळीचे कट्टे अर्धे करतो आणि गोदामाच्या पुढच्या खोलीत कटलरी वाढवतो," असं ठरवूनच ते आमच्याकडे आले होते.

आपल्याकडे तूर निघते, गिरणीतून नवी डाळ येते आणि घरोघरी वर्षाची साठवण भरायची वेळ येते ती उन्हाळ्याच्या तोंडावर. त्यासाठी दुकानदार फेब्रुवारी-मार्चमध्ये डाळ भरतो आणि मे-जूनपर्यंत ती बरीचशी उठून जाते. ३१ मार्च हा डाळीच्या साठ्याचा वर्षातला सर्वात भरलेला दिवस. त्या एका दिवसावरून वर्ष ठरवलं तर डाळीवर अन्यायच होणार.

काही ग्राहक म्हणतात, मग सुरुवातीचा आणि शेवटचा स्टॉक मिळवून दोनाने भागा, हिशोबाच्या पुस्तकात तसंच दिलंय. ते इथे उपयोगी पडत नाही. १ एप्रिलचा साठा म्हणजे आदल्या ३१ मार्चचाच साठा. दोन्ही टोकं एकाच हंगामातली, दोन्हीकडे २ लाख ४० हजार, सरासरीही तेवढीच. चूक तशीच राहते, वर हिशोब नीट केल्याचं समाधान मिळतं ते वेगळं.

म्हणून आम्ही तेरा आकडे मागतो, सुरुवातीचा एक आणि महिनाअखेरचे बारा. या दुकानाच्या डाळीचे आकडे, हजारांत, असे निघाले: सुरुवातीला २४०, मग एप्रिलअखेर २००, मे १३०, जून ८०, जुलै ४५, ऑगस्ट ४०, सप्टेंबर ४०, ऑक्टोबर ४०, नोव्हेंबर ३५, डिसेंबर ३०, जानेवारी ५०, फेब्रुवारी १३० आणि मार्च २४०. बेरीज १,३००, तेराने भागले की १००. म्हणजे वर्षभर डाळीत सरासरी १ लाखच अडकले होते. ६० भागिले १००, ०.६०. डाळ कटलरीच्या वर गेली.

कृषी सेवा केंद्रांत हेच उलटं होतं. मार्चअखेर रब्बी आटोपलेली असते, खरिपाचं बियाणं अजून यायचं असतं, कपाटं रिकामी. त्या दिवसाच्या साठ्याने भागलं की ३.०० सारखा देखणा आकडा येतो आणि मालक खूश होऊन जास्तीची ऑर्डर टाकतो. जूनमध्ये गोदामात खरोखर किती पैसा बसतो ते त्या आकड्याला माहीतच नसतं.

"पण साहेब, मागचे महिने मोजलेच नाहीत, आता कुठून आणू?" हा दुसरा नेहमीचा प्रश्न. आजच्या मोजणीवरून मागे जाता येतं. महिनाअखेरच्या साठ्यात त्या महिन्यात विकलेला माल खरेदी दराने मिळवायचा आणि त्या महिन्याची खरेदी वजा करायची, की आदल्या महिनाअखेरचा साठा मिळतो. डाळीचंच घ्या. मार्चअखेर २ लाख ४० हजार, मार्चमध्ये विकलेली डाळ खरेदी दराने ५० हजारांची, मार्चची खरेदी १ लाख ६० हजार. २४० अधिक ५० वजा १६०, म्हणजे फेब्रुवारीअखेर १३०. अशीच एकेक पायरी मागे. मध्येच एखाद्या महिन्यात साठा उणे आला, तर समजायचं की दुसऱ्या गटाचं एखादं खरेदी बिल या गटात चढलंय, बिल दोनदा चढलंय किंवा विक्रीची नोंद राहून गेलीय. अशा वेळी आम्ही फाइल परत पाठवतो, तेव्हा कृपया रागावू नका. उणे साठ्यावर लावलेली यादी तुम्हालाच महागात पडते. जीएसटीच्या बाबतीतही एकच नियम पाळा: नियमित करदाते असाल तर खरेदी-विक्री दोन्ही कराशिवाय धरा. कंपोझिशनमध्ये असाल तर खरेदीवर भरलेला कर परत मिळत नाही, तो खरेदी किमतीतच धरा.

यादी हातात आल्यावर पुढची घाई होते ती अशी: तेल २.०० वर आहे ना, मग सगळा पैसा तेलात! तसं करू नका. दुकानात तेल २४ ऐवजी ४८ हजारांचं ठेवलं म्हणून गावातली माणसं दुप्पट तेल खाणार नाहीत. नफा तोच राहील आणि २.०० चा १.०० होईल. आकडा झालेल्या वर्षाची सरासरी सांगतो, पुढच्या रुपयाचं उत्तर देत नाही. त्यासाठी फळी बघावी लागते: कोणता माल संपतो आणि गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जातं?

या दुकानात ते काळ्या मसाल्याचं सामान निघालं. धने, खोबरं, दगडफूल, मिरची. सरासरी साठा २० हजार, नफा २४ हजार, म्हणजे १.२०, आणि एप्रिल-मेमध्ये दर चार दिवसांनी काहीतरी संपलेलं. दुसरीकडे कटलरीच्या फळ्या. आमच्या मुलाने एकेक डबी उचलून बघितली. पावडरच्या डब्यांवर इतकी धूळ की बोटाने रेघ उठत होती, एका क्रीमच्या खोक्यावर आदल्याच्या आदल्या दिवाळीची खरेदी. सहा महिन्यांत न हललेला माल काढला, परत जाणारा कंपनीला परत केला, उरलेला सवलतीत विकला. साठा दीड लाखावरून ९० हजारांवर आला, वर्षाचा नफा ६० वरून ५४ हजार झाला. म्हणजे काढलेले ६० हजार रुपये वर्षाला जेमतेम ६ हजार, रुपयाला १० पैसे देत होते. त्यातले १० हजार मसाल्याच्या सामानात घातले, नफा २४ वरून ३३ हजारांवर गेला. मसाल्याचा आकडा १.२० वरून १.१० वर उतरला खरा, पण घातलेल्या रुपयाने ९० पैसे दिले. उरलेल्या ५० हजारांतून बँकेची सीसी कमी केली.

जागेचा हिशोब मात्र वेगळा करावा लागतो, कारण हा आकडा पैसा मोजतो, फळी नाही. नफा भागिले फळीचे फूट. कटलरी १८ फुटांवर होती, फुटाला ३,३३३ रुपये. १२ फुटांवर आणल्यावर ४,५०० झाले आणि मोकळे ६ फूट, तेही नजरेच्या उंचीचे, मसाल्याला मिळाले. चिप्स-कुरकुऱ्यांसारखा माल इथे फसवतो. त्यात पैसा थोडा अडकतो म्हणून आकडा उंच येतो, पण जागा फार खातो. तो फळीवर मांडू नका, माळा करून दारात लटकवा.

आणखी दोन गोष्टी हा आकडा बघत नाही. मीठ आणि काडेपेटीत फारसं काही मिळत नाही, पण ती नसली तर गिऱ्हाईक पूर्ण यादी घेऊन शेजारी जातं, त्यांना हात लावू नका. आणि उधारी. सोयाबीन विकल्यावर देतो म्हणून नेलेला माल साठ्यातून गेलेला असतो, पैसा मात्र बाहेरच असतो. तुमच्याकडे उधारी मोठी असेल तर सांगा, आम्ही गटवार उधारीचा वेगळा रकाना जोडून देतो.

आमच्याकडे येताना गटवार वर्षाची विक्री, विकलेल्या मालाची खरेदी किंमत आणि तेरा साठे आणा. गट १५ ते २० पुरेत, प्रत्येक साबणाचा वेगळा करायची गरज नाही. आमचं मासिक बिलिंग घेणाऱ्यांना हे काहीच करावं लागत नाही, महिनाअखेरचे साठे आमच्याकडे आपोआप जमत जातात आणि यादी मेच्या पहिल्या आठवड्यात मिळते. बाकीच्यांनी निदान या महिनाअखेरपासून एका वहीत गटवार साठा खरेदी दराने लिहायला लागावं, वही आमच्या काउंटरवर छापील रकान्यांसह मोफत मिळते.