अम्म, खाल आणि इंग्रजीतला बिचारा अंकल

व्हॉट्सअॅपवर एक फॉरवर्ड फिरतोय, की काका-मामा असे वेगवेगळे शब्द फक्त आपल्याकडेच, कारण इंग्रजांना नात्यांची किंमत नाही. गंमत म्हणजे अंकल ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ फक्त मामा होता आणि आंट मूळची आत्या, जुन्या इंग्रजीत तर काका-मामाला आपापले शब्द होते. तेव्हा संस्कृतीचा अभिमान जरा बाजूला ठेवू.

अरबीत बघा. वडिलांचा भाऊ अम्म, बहीण अम्मा, आईचा भाऊ खाल, बहीण खाला. म्हणजे दोन प्रश्न, नातं आईकडून की वडिलांकडून, आणि ती व्यक्ती बाई की पुरुष, दोन गुणिले दोन चार शब्द, आपल्यासारखेच. त्यांच्या मुलांसाठी फक्त पुढे इब्न (मुलगा) किंवा बिन्त (मुलगी) लावायचं, झाली आठ नाती. इब्न अम्म चुलतभाऊ, बिन्त खाल मामेबहीण. इंग्रजीत या आठांना एकच शब्द, कझिन.

आता यात बिघडतं काय? समजा सुन्नी कायद्याप्रमाणे वारसा ठरवायचाय. एक माणूस वारला, मुलंबाळं, आईवडील, आजी-आजोबा, भावंडं, पुतणे कोणीच नाही, मागे बायको, एक अम्म (वडिलांचा सख्खा भाऊ) आणि एक खाल. कर्ज वगैरे फेडल्यावर बायकोला पाव हिस्सा, उरलेला पाऊण सगळा अम्मला, खालला काहीच नाही, कारण तो आईच्या बाजूचा. कागदाच्या इंग्रजी भाषांतरात दोघंही नुसते अंकल झाले तर वाचणाऱ्याला कळणारच नाही की पैसे कुणाचे, म्हणून तिथे वडिलांचा भाऊ, आईचा भाऊ असं लांबलचक लिहावंच लागतं.

मराठीत हे सोपं वाटतं, पण दोन ठिकाणी पाय घसरतो. बिन्त अम्मशी लग्न अरबांमध्ये जुनी, मानाची रीत, त्या शब्दात बहीण कुठेच नाही. आपण ‘चुलत बहिणीशी लग्न’ लिहिलं की वाचक दचकतो, त्यापेक्षा ‘काकाच्या मुलीशी’ बरं.

दुसरं, इब्न अख म्हणजे भावाचा मुलगा. बोलणारा पुरुष असेल तर मराठीत पुतण्या, बाई असेल तर भाचा! अरबी शब्द बदलतच नाही, त्यामुळे कोण बोलतंय ते आधी शोधायला लागतं. आणि हो, अम्मी ऐकून आई समजू नका, अरबीत ते ‘माझा काका’, शिवाय बऱ्याच अरब देशांत सासऱ्यालाही तेच म्हणतात, तेव्हा लग्न झालेल्या माणसाचा अम्मी काका की सासरा ते पुढची दोन वाक्यं वाचूनच ठरवा.