आभासी अवयवाची वेदना

शस्त्रक्रियेने कापून टाकलेल्या किंवा अपघातात तुटलेल्या हातापायात जाणवणारे दुखणे. पाय गुडघ्याखालून काढलेला असतो, तरी पायाचा अंगठा मागे पिळवटल्यासारखा ठणकतो. कुणाला नसलेल्या हाताची मूठ इतकी घट्ट आवळलेली वाटते की नखे तळव्यात रुततात, आणि ती मूठ काही केल्या उघडत नाही. कधी विजेचा झटका बसल्यासारखी चमक येते, कधी आग होते. बहुतेकांना ही वेदना थांबून थांबून येते. काही क्षण टिकते, काही तास टिकते. अवयव गमावलेल्या जवळजवळ प्रत्येकाला तो अजून आहे असे केव्हा ना केव्हा वाटते. त्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना तो दुखतोही.

सोळाव्या शतकातले फ्रेंच लष्करी शल्यविशारद आंब्रवाझ पारे यांनी हा प्रकार नोंदवून ठेवला होता. अमेरिकेतील यादवी युद्धात जखमी सैनिकांवर उपचार करणारे सायलस वेअर मिचेल यांनी 1871 मध्ये त्याला ‘फँटम लिंब’ हे आजचे इंग्रजी नाव दिले. पुढे बराच काळ अशा रुग्णाच्या तक्रारीकडे मनाचा खेळ म्हणून पाहिले गेले, आणि घरचे हसतील या भीतीने आजही अनेक जण ती सांगत नाहीत. ही वेदना वेडाचे लक्षण नाही.

तपासताना तीन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. नसलेला पाय नुसता जाणवणे, त्याला खाज सुटणे किंवा मुंग्या येणे हा भास झाला. तो त्रासदायक असेलच असे नाही. उरलेला खुंट दुखणे हे दुसरे. त्याची कारणे बहुधा हाताला लागतात: कृत्रिम पायाची खोबणी नीट न बसणे, जंतुसंसर्ग, हाडाचे वाढलेले टोक. आभासी वेदना हे तिसरे, आणि ती खुंटाच्या पलीकडे, रिकाम्या जागेत असते. म्हणून रुग्णाला ‘कुठे दुखतं?’ एवढेच विचारून भागत नाही. बोटाने जागा दाखवायला सांगावे लागते. खुंटावर बोट ठेवणारा आणि हवेत, पाऊल असायला हवे तिथे बोट नेणारा यांचे उपचार वेगळे. दोन्ही दुखणी एकाच माणसात असू शकतात, आणि खुंटाचे दुखणे वाढले की आभासी वेदनाही चाळवते.

ही वेदना उपजते कुठे, यावर अजून एकमत नाही. पहिला संशय खुंटावर जातो. कापलेला मज्जातंतू पुन्हा वाढू पाहतो, पण पुढे जायला वाट नसल्याने त्याच्या टोकाशी तंतूंची गाठ होते. तिला न्यूरोमा म्हणतात. या गाठीतून आपोआप संदेश सुटतात. खुंटावर ठरावीक जागी बोटाने टिचकी मारताच नसलेल्या पावलात कळ उठली, तर तिथे न्यूरोमा असण्याची शक्यता मोठी. मात्र खुंट बधिर केला म्हणून प्रत्येकाची वेदना जात नाही. 1997 मध्ये जर्मन संशोधकांनी हात गमावलेल्या सहा जणांच्या बाहूचे मज्जातंतू बधिर करून पाहिले. तिघांची आभासी वेदना ओसरली, तिघांची तशीच राहिली.

राहिलेल्या तिघांचे काय, या प्रश्नाचे उत्तर अनेकांनी मेंदूत शोधले. मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराचा स्पर्शनकाशा असतो आणि त्यात हाताला लागून चेहरा येतो. मूळचे भारतीय मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी 1990च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत अपघातात डावा हात गमावलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला तपासले. डोळे मिटलेल्या त्या मुलाच्या गालावर कापसाचा बोळा टेकवला की त्याला स्पर्श दोन ठिकाणी जाणवे, गालावर आणि नसलेल्या हाताच्या बोटांवर. यावरून तर्क मांडला गेला की हाताकडून संदेश येईनासे झाल्यावर नकाशातल्या त्या भागात शेजारचा चेहरा शिरतो. जितकी घुसखोरी जास्त तितकी वेदना जास्त, असे 1995च्या जर्मन अभ्यासात दिसले आणि ही उपपत्ती पाठ्यपुस्तकांत गेली.

तिला धक्का बसला तो नंतर. मेंदूशास्त्रज्ञ तामार माकिन आणि सहकाऱ्यांनी हात गमावलेल्यांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये आभासी बोटे हलवायला सांगितली. हाताचा भाग पुसला गेला नव्हता; वेदना जास्त असणाऱ्यांत तो उलट अधिक जोमाने उजळत होता. 2025 मध्ये त्यांच्या गटाने आणखी पक्का पुरावा दिला. हात काढण्याचे आधीच ठरलेल्या तीन रुग्णांचे शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर काही वर्षांपर्यंत स्कॅन झाले, तेव्हा बोटांचा नकाशा जवळपास जसाच्या तसा आढळला. तीनच रुग्ण असले तरी इथे प्रत्येकाची तुलना त्याच्याच आधीच्या मेंदूशी झाली, म्हणून हा पुरावा वजनदार आहे. गालाला हात लावल्यावर बोटे जाणवतात हे खोटे ठरत नाही. नकाशा बदलल्यानेच दुखते, हे मात्र आता सरसकट म्हणता येत नाही. बहुधा खुंट, मज्जारज्जूलगतच्या चेतापेशी, मज्जारज्जू आणि मेंदू यांचा वाटा रुग्णागणिक कमीजास्त असतो. अवयव काढण्यापूर्वी तो फार दुखत असेल, तर नंतर आभासी वेदनेचा धोका वाढतो.

आरशाचा उपचार निघाला तो या वादाच्या आधी, 1990च्या दशकात. रामचंद्रन यांच्या एका रुग्णाचा हात मोटारसायकलच्या अपघातात लुळा पडला होता आणि वर्षभराने तो काढावा लागला. पुढे दहा वर्षे त्याचा आभासी हातही लुळाच होता. उभ्या आरशात धडक्या हाताचे प्रतिबिंब पाहत त्याने दोन्ही हात हलवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा आभासी हात हलला. डोळे मिटताच पुन्हा थिजला. आरसा घरी नेऊन त्याने तीन आठवडे सराव केला, तेव्हा आभासी दंड आणि कोपर नाहीसे झाले, त्यांतले दुखणेही गेले. बोटे तेवढी खांद्याला चिकटल्यासारखी उरली.

पायासाठी रीत अशी: लांब आरसा दोन पायांच्या मधे उभा ठेवायचा, खुंट त्याच्या मागे झाकायचा आणि प्रतिबिंबाकडे पाहत घोटा हळूहळू वर-खाली करायचा, आभासी पायानेही तेच करायचे. अमेरिकेतील वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात पाय गमावलेल्यांनी हे रोज 15 मिनिटे, चार आठवडे केले. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत आरसा पाहणाऱ्या सर्वांची वेदना कमी झाली. झाकलेल्या आरशासमोर किंवा नुसत्या कल्पनेने सराव करणाऱ्यांत बहुतेकांना तसा फायदा झाला नाही. पण रुग्ण जेमतेम अठरा होते, आणि नंतरच्या अभ्यासांचे निकाल इतके एकसुरी नाहीत. गेलेला पाय अचानक ‘दिसल्याने’ काहींना रडू कोसळते, म्हणून पहिल्या वेळी सोबत कुणी असलेले बरे. दोन्ही पाय गेलेल्याला आरशात दाखवायला पायच नसतो. त्याच्यासमोर दुसऱ्या माणसाने पाय हलवून पाहण्याचे प्रयोग झाले आहेत.

औषधांत गाबापेंटिन आणि अमिट्रिप्टिलिन वापरतात. काहींना उपयोग होतो, काहींना फक्त गुंगी येते. शस्त्रक्रियेतली नवी वाट म्हणजे कापलेल्या मज्जातंतूचे टोक मोकळे न सोडता जवळच्या स्नायूच्या छोट्या मज्जातंतूला जोडणे. त्यामुळे वाढणाऱ्या तंतूंना जायला जागा मिळते आणि गाठ होण्याची शक्यता घटते. हे अवयव काढतानाच करता येते किंवा वेदना सुरू झाल्यावरही, मात्र त्यासाठी सूक्ष्मशस्त्रक्रियेत तयार झालेला हात लागतो. मधुमेहामुळे पाय काढण्याची शस्त्रक्रिया लहान गावांतही होते. हे कौशल्य तिथे सहसा उपलब्ध नसते.