पाचट पेटवावं की त्याचा गॅस करावा?

चुलीत जळणारं लाकूड जरा जवळून पाहा. ज्वाळा लाकडाला चिकटलेली नसते. लाकूड आणि ज्वाळा यांच्यामध्ये बारीकशी फट दिसते, आणि ओलसर ओंडक्याच्या टोकातून कधीकधी फुसफुसत धुराची पिचकारी येते, तीच पुढे जाऊन पेट घेते. म्हणजे जळतो आहे तो लाकडातून सुटलेला वायू.

लाकूड असो, उसाचं पाचट असो की तुरीच्या काड्या, तापवल्यावर त्या एकाच क्रमाने जातात. आधी ओल निघून जाते. मग साधारण २००-२५० अंशांच्या पुढे पदार्थ फुटू लागतो आणि त्याच्या वजनाचा ७० ते ८० टक्के भाग वायू आणि डांबरी वाफा होऊन बाहेर पडतो. उरतो तो कोळसा. वायू ज्वाळेने जळतो, कोळसा लाल होऊन सावकाश जळतो आणि शेवटी राख राहते. साध्या जाळात हे सगळं एकाच जागी, एकाच वेळी आणि हवेच्या मर्जीने चाललेलं असतं. एका बाजूला हवा कमी पडली की वाफा न जळताच वर जातात, तो आपला धूर. दुसऱ्या बाजूला हवा गरजेपेक्षा जास्त शिरते आणि तापून चिमणीतून उष्णता घेऊन निघून जाते.

गॅसिफायर हे टप्पे वेगळे करतो. एक किलो कोरडं पाचट पूर्ण जळायला अंदाजे पाच-सहा किलो हवा लागते. गॅसिफायरमध्ये तिच्या पाव ते एक तृतीयांशच हवा सोडतात. तेवढ्या हवेत थोडासा भाग जळतो आणि आतलं तापमान हजार अंशांच्या आसपास नेतो. या जळण्यातून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. ती लालबुंद कोळशाच्या थरातून गेली की कोळसा त्यांच्यातला ऑक्सिजन ओढून घेतो. मग कार्बन डायऑक्साइडचा कार्बन मोनॉक्साइड होतो आणि वाफेपासून हायड्रोजन सुटतो. या दोन्ही क्रिया उष्णता खातात. ती खाल्लेली उष्णता नष्ट होत नाही, नव्या वायूत रासायनिक रूपात साठते. हा वायू पाइपातून नेऊन, हवी तिथे, हवी तेवढी हवा मिसळून जाळायचा, एवढंच काम पुढे उरतं.

गॅस केला म्हणून पाचटातली उष्णता वाढत नाही. उलट वाटेत थोडी हरवतेच. हवेतला नायट्रोजन गॅसमध्ये तसाच येतो आणि जवळजवळ निम्मी जागा अडवतो. उरलेल्यात कार्बन मोनॉक्साइड साधारण पंधरा ते वीस टक्के, हायड्रोजन तेवढाच किंवा थोडा कमी आणि मिथेन दोन-तीन टक्के असतो. त्यामुळे एका घनमीटर गॅसमध्ये चार ते पाच मेगाज्यूलच उष्णता मिळते. नैसर्गिक वायूत ती ३५च्या वर असते. मग हा खटाटोप कशाला, असा प्रश्न पडणं रास्त आहे, आणि साखर कारखान्याच्या बाबतीत त्याचं उत्तर ‘नकोच’ असंच आहे. कारखान्याचा बॉयलर बगॅस, म्हणजे रस काढून उरलेला उसाचा चोथा, थेट जाळण्यासाठीच बांधलेला असतो. त्याला मोठी भट्टी, ठरावीक हवा आणि राख काढायची सोय असते. तिथे गॅसिफायर मध्ये घालून काही साधणार नाही.

जिथे भट्टी आधीच तेलाच्या झोतावर चालते तिथे मात्र गणित बदलतं. याचं एक उदाहरण आपल्याकडेच, फलटणला झालं. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात उसाचं पाचट, बगॅस आणि बाजरीची ताटं यांसारख्या हलक्या, विस्कटलेल्या मालावर चालणारा गॅसिफायर बनवला. तोवरचे बहुतेक गॅसिफायर लाकडाच्या ठोकळ्यांसाठी होते. ठोकळा आपल्या वजनाने खाली सरकतो, पाचट सरकत नाही, ते अडकून बसतं. फलटणच्या यंत्राने तासाला १०८० मेगाज्यूलपर्यंत, म्हणजे ३०० किलोवॉट उष्णता दिली आणि प्रयोगशाळेत ते ७०० तासांहून जास्त चाललं. नंतर ते एका धातुकर्म कंपनीतल्या, खास सिरॅमिक भाजणाऱ्या भट्टीला जोडलं. ही भट्टी एरवी लाइट डिझेल तेलावर चालायची. चाचणीत ती निव्वळ पाचटाच्या गॅसवर चालवली आणि मालाचा दर्जा तेलावर भाजलेल्या मालाइतकाच आला.

याच भट्टीत तेलाऐवजी थेट पाचट पेटवलं असतं तर काय झालं असतं? पाचटाच्या राखेत सिलिका आणि पोटॅशियम भरपूर असतं. पोटॅशियममुळे राख लवकर मऊ होते, ८००-९०० अंशांपासूनच ती चिकट व्हायला लागते आणि मग तिचे खंगर बनतात. ते जाळीवर बसतात, हवेची वाट अडवतात, आणि उडणारी राख सिरॅमिकवर चिकटते. तापमान तर पाचटाच्या प्रत्येक भाऱ्यागणिक वरखाली होणार. गॅस करताना राखेचा मोठा भाग कोळशासोबत गॅसिफायरमध्येच राहतो आणि भट्टीत ज्वाळा जाते ती बरीच स्वच्छ. शिवाय व्हॉल्व्ह फिरवला की ती कमीजास्त होते. फलटणच्या यंत्रात जळणाच्या वजनाचा सुमारे २४ टक्के भाग कोळसा म्हणून बाहेर काढला जाई. तो पूर्ण जाळायचा मोह टाळला की आतली राख वितळायची वेळ येत नाही, आणि कोळसा विटा करून चुलीसाठी किंवा जमिनीत घालायला वापरता येतो.

उष्णतेसाठी गॅस करण्यात आणखी एक मोठी सोय आहे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा जगभर लाखो गाड्या अशाच गॅसवर धावल्या, पण इंजिनाला हा गॅस द्यायचा तर तो आधी थंड करून गाळावा लागतो. थंड होताना त्यातलं डांबर सुटतं आणि व्हॉल्व्हला चिकटून इंजिन बंद पाडतं. गॅस धुतला की डांबर मिसळलेलं घाण पाणी उरतं, त्याचं काय करायचं ते वेगळंच. भट्टीसाठी यातलं काहीच करावं लागत नाही. गॅस गरम असतानाच जाळला तर डांबर वाफेच्या रूपात राहतं आणि तेही जळण म्हणून कामी येतं. गॅसच्या अंगची उष्णताही फुकट जात नाही. अट एकच: गॅसिफायर आणि भट्टी यांच्यातला पाइप आखूड हवा आणि त्याला जाड उष्णतारोधक आवरण हवं. माझ्या मते वीजनिर्मितीच्या नादात अडखळलेल्या अनेक लहान गॅसिफायरांना आधी उष्णतेच्या कामाला लावलं असतं तर बरं झालं असतं.

बर्नर मात्र बदलावाच लागतो. एलपीजीच्या एका भागाला जाळायला पंचविसेक भाग हवा लागते. या गॅसच्या एका भागाला लागते जवळजवळ एकच भाग. शिवाय तेवढ्याच उष्णतेसाठी गॅसचं आकारमान कितीतरी जास्त. म्हणून पाइप जाड आणि बर्नरचं तोंड मोठं असतं. एलपीजीच्या बर्नरला हा गॅस जोडला तर ज्योत धड धरतच नाही.

बिघाड झाल्याचं बर्नरपाशी लगेच कळतं. ज्योत पिवळी पडून लवलवायला लागली आणि पाठोपाठ पांढुरका, दाट धूर आला, तर बहुधा माल ओला आहे. ओल वीस टक्क्यांच्या वर गेली की तिची वाफ करण्यात उष्णता जाते. हिशेबात हा तोटा फार मोठा नसतो, पण तो नेमका त्या लाल थरातून वजा होतो. थर थंड झाला की कार्बन डायऑक्साइड तसाच निसटतो, डांबर फुटत नाही आणि गॅस पांचट होतो. दुसरी नेहमीची अडचण म्हणजे आत कमान धरणं. पाचट वर अडकतं, खालचं जळून पोकळी होते, ज्योत हळूहळू मंदावते आणि मग वरचा ढीग एकदम कोसळून धूर उसळतो. म्हणून पाचट आधी बारीक कापायचं आणि थर अधूनमधून हलवत ठेवायचा.

धोका आहे तो कार्बन मोनॉक्साइडचा. त्याला रंग नाही, वास नाही. हवेत ०.१ टक्का असला तरी तास-दोन तासांत जिवावर बेतू शकतं, आणि इथे तर गॅसमध्येच तो पंधरा-वीस टक्के आहे. म्हणून गॅसिफायर बंदिस्त खोलीत ठेवत नाहीत. ज्योत विझली तर थेट काडी लावायची नाही. भट्टीत गॅस साठलेला असतो, आधी ब्लोअरने तो बाहेर काढायचा, नाहीतर भडका होतो. सुरू करतानाही पहिला धुरकट गॅस बाजूच्या नळीला जाळून पाहतात, आणि ज्योत स्थिर झाल्यावरच भट्टीकडे वळवतात.

आता मालाचा हिशेब. तासाला १०८० मेगाज्यूल म्हणजे सुमारे २९ लिटर तेलाची उष्णता. कोरड्या पाचटात किलोमागे पंधरा मेगाज्यूल धरू. कोळशात अडकलेला भाग वजा केला तर गॅसमधून निम्म्याहून थोडी जास्त, आठेक मेगाज्यूल मिळतील. म्हणजे तासाला १३५ किलो पाचट, आणि दिवसरात्र भट्टी चालली तर रोज सव्वातीन टन. एका हेक्टर उसातून कोरडं पाचट साधारण दहा टन निघतं, म्हणजे एक हेक्टर तीन दिवस पुरतं. वर्षाचे ३०० दिवस भट्टी चालवायची तर १०० हेक्टरांचं पाचट, तेही तोडणीच्या पाच-सहा महिन्यांत गोळा करून, गठ्ठे बांधून, पावसाच्या आधी छपराखाली न्यायला हवं. सुटं पाचट इतकं हलकं असतं की ट्रॉली डोंगरासारखी भरली तरी वजन काही शे किलोंच्या पुढे जात नाही. गठ्ठे बांधणारं यंत्र नसेल तर वाहतुकीतच फायदा जातो.

शिवाय या पाचटाचा दुसरा दावेदार शेतातच बसलेला आहे. खोडव्यात पाचट कुट्टी करून सरीत ठेवलं तर ओल टिकते आणि कुजून सेंद्रिय कर्ब जमिनीला मिळतो. जो शेतकरी हे करतो त्याच्याकडून पाचट उचलून आणण्यात मला शहाणपण दिसत नाही. भट्टीवाल्याने गाठायचे ते खोडव्याच्या घाईत काडी लावून मोकळे होणारे शेतकरी, आणि तेही भट्टीपासून आठ-दहा किलोमीटरच्या आतले. कोळसा बाहेर काढला की त्यातलं पोटॅश त्यांच्याच शेतात परत नेता येतं.